जिन्यातला दाब: उंच इमारतीत धूर कसा चढतो आणि त्याला दारातच कसं थोपवतात

21 नोव्हेंबर 1980 च्या सकाळी लास व्हेगासमधल्या एमजीएम ग्रँड या 26 मजली हॉटेलात तळमजल्यावर आग लागली. कॅसिनो आणि आजूबाजूचा भाग जळून गेला, पण खोल्या असलेल्या मजल्यांपर्यंत ज्वाळा पोचल्याच नाहीत. तरीही 85 माणसं गेली आणि त्यांतली बहुतेक वरच्या मजल्यांवर होती, आगीपासून कितीतरी लांब. त्यांना धुराने मारलं. धूर वर गेला तो जिन्यांतून, लिफ्टच्या शाफ्टमधून, भूकंपासाठी बांधकामात सोडलेल्या सांध्यांतून आणि हवेच्या डक्टमधून. ज्या वाटेने माणसांनी खाली यायचं, त्याच वाटेने धूर वर निघाला होता.

उंच इमारतीत बंद जिना म्हणजे तळापासून गच्चीपर्यंत उभी गेलेली एक पोकळी. अशा पोकळीत हवा आपसूक हलते, त्यासाठी आग लागावीच लागते असं नाही. इंजिनिअर मंडळी याला स्टॅक इफेक्ट म्हणतात. साखर कारखान्याचं धुराडं ज्या कारणाने धूर ओढतं तेच कारण इथे आहे, फक्त तापमानातला फरक खूपच कमी असतो.

आधी हे कारण नीट बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हवेला वजन असतं. 26 अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेचं वजन साधारण 1.18 किलो, आणि 34 अंशांच्या हवेचं साधारण 1.15 किलो. फरक 30 ग्रॅमचा. आता शेजारी-शेजारी दोन उभे स्तंभ डोळ्यांसमोर आणा: एक जिन्यातला, एक इमारतीबाहेरचा. दर मीटर उंचीला थंड स्तंभ 30 ग्रॅमने जड पडतो, म्हणजे दर मीटरला दाबात सुमारे 0.3 पास्कलचा फरक तयार होतो. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण इमारत 150 मीटर उंच असेल तर तोच फरक 45 पास्कलपर्यंत जातो. हिशेबाचं सूत्र छोटं आहे:

```
Δp = 3460 × h × (1/To − 1/Ts)
```

यात h म्हणजे मीटरमध्ये उंची, To बाहेरचं आणि Ts जिन्यातलं तापमान, दोन्ही केल्व्हिनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये 273 मिळवून. उत्तर पास्कलमध्ये येतं. अंदाज यावा म्हणून सांगतो, 50 पास्कल म्हणजे जेमतेम 5 मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब.

शिकागोच्या हिवाळ्यात बाहेर उणे 15 अंश आणि आत 21 अंश असतील, तर त्याच 150 मीटर उंचीवर हा आकडा 246 पास्कल येतो. तिथे आतली हवा हलकी असते. ती वर चढते, वरच्या मजल्यांवरच्या फटींतून बाहेर पडते आणि खाली रस्त्याच्या पातळीला बाहेरची थंड हवा आत ओढली जाते. थंड देशांतल्या उंच इमारतींत तळमजल्याला गोल फिरणारी दारं दिसतात त्याचं एक मोठं कारण हेच. साधं दार उघडलं की गार वारा आत घुसतो आणि लिफ्टची दारं नीट बंद होत नाहीत.

मुंबईत मे महिन्यात गोष्ट उलटते. आत एसीमुळे गारवा, बाहेर उकाडा. आतली हवा जड, म्हणून ती उभ्या पोकळ्यांतून खाली उतरते आणि तळाला बाहेर पडते. वरच्या मजल्यांवर मात्र बाहेरची हवा आत शिरते. याला उलटा स्टॅक इफेक्ट म्हणतात. आपल्याकडे याचा विचार फारसा होत नाही, कारण धूर वरच जाणार हे आपण गृहीत धरलेलं असतं. आगीच्या जवळचा, तापलेला धूर वर जातोच. पण स्प्रिंकलरचं पाणी पडून गार झालेला किंवा लांबच्या कॉरिडॉरमधून पाझरत आलेला धूर जवळपास हवेइतकाच गार असतो. इमारतीतली हवा ज्या दिशेने चाललेली असेल त्या दिशेने तोही जातो. एसी असलेल्या टॉवरमध्ये 20व्या मजल्यावर आग असताना 12व्या मजल्याच्या लॉबीत धुराचा वास येणं म्हणूनच अशक्य नाही.

आता जिन्याकडे येऊ. इथे दोन प्रकार वेगळे ठेवायला हवेत. आपल्याकडच्या बहुतेक गृहनिर्माण सोसायट्यांचा जिना बाहेरच्या भिंतीला लागून असतो आणि त्याला खिडक्या किंवा जाळ्या असतात. तिथे धूर बाहेर निघून जावा एवढीच अपेक्षा असते आणि ती त्या उघड्या भागावरच अवलंबून असते. पावसाचं पाणी येतं म्हणून अशा जिन्याला काच बसवली की ती सोयच संपते. दुसरा प्रकार इमारतीच्या पोटातल्या जिन्याचा: चहूबाजूंनी भिंती, प्रत्येक मजल्याला एक फायर डोअर, उघडी खिडकी एकही नाही. उंच ऑफिस टॉवरमध्ये हाच प्रकार जास्त. असा जिना धुरापासून वाचवायचा तर पंख्याने त्यात बाहेरची स्वच्छ हवा भरतात, म्हणजे जिन्यातला दाब मजल्यावरच्या दाबापेक्षा थोडा जास्त राहतो. मग दाराच्या फटींतून हवा जिन्यातून मजल्याकडे वाहते आणि धुराला उलटं आत येता येत नाही. यालाच जिन्याचं प्रेशरायझेशन म्हणतात.

किती दाब हवा? पेटलेल्या खोलीत 600 अंशांची हवा छताखाली साचते, आणि तिचा थर दीड मीटरचा असेल तर दाराच्या वरच्या कडेशी ती साधारण 12 पास्कलने बाहेर ढकलत असते. वाऱ्याचा जोर याहून मोठा असू शकतो. ताशी 36 किलोमीटरचा वारा काच फुटलेल्या बाजूवर सरळ आदळला तर त्याचा जोर 60 पास्कलच्या आसपास जातो. वरच्या मजल्यांवर असा वारा मुंबईला नवा नाही. अमेरिकेतलं एनएफपीए 92 हे मानक स्प्रिंकलर असलेल्या इमारतीत जिना आणि मजला यांच्यात किमान 12.5 पास्कल फरक मागतं. युरोपातलं 2005 चं ईएन 12101-6 सगळी दारं बंद असताना 50 पास्कल मागायचं, आणि आपल्या 2016 च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्येही जिन्यासाठी 50 पास्कल आणि त्याला लागून असलेल्या लॉबीसाठी 25 ते 30 पास्कल असे आकडे आहेत. म्हणजे हवा जिन्यातून लॉबीत आणि लॉबीतून मजल्याकडे, अशी उतरत जावी.

पण मग मोठाच पंखा लावून 200 पास्कल का ठेवू नये? कारण दार उघडता आलं पाहिजे. मजल्यावरून जिन्यात जाणारं दार पळण्याच्या दिशेने, म्हणजे जिन्यात उघडतं. जिन्यातली हवा त्याच दाराला आतून दाबून धरत असते, त्यामुळे पळणाऱ्या माणसाला तो सगळा दाब ढकलून दार उघडावं लागतं. 0.9 मीटर रुंद आणि 2.1 मीटर उंच दाराचं क्षेत्रफळ 1.89 चौरस मीटर. त्यावर 50 पास्कल म्हणजे सुमारे 94 न्यूटन बल. हे बल दाराच्या मधोमध लागतं आणि आपण ढकलतो बिजागरीपासून लांब, हँडलपाशी. म्हणून हाताला निम्म्याहून थोडं जास्त, साधारण 52 न्यूटन जाणवतं. दार आपोआप मिटवणाऱ्या डोअर क्लोजरचे 45 न्यूटन धरा. एकूण 97, म्हणजे दहा किलो वजन तोलायला लागेल एवढा जोर. युरोपातल्या मानकाची मर्यादा 100 न्यूटन आहे, अमेरिकेतली 133. सातवीतली मुलगी किंवा सत्तरीतले आजोबा घाबरलेल्या अवस्थेत, धुरात, एका हाताने ते दार उघडू शकतात की नाही, हा प्रश्न त्या मर्यादांच्या मुळाशी आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी कुंपण आहे: दाब कमी पडला तर धूर आत येतो, जास्त झाला तर माणूस बाहेर अडकतो.

आणि यातली खरी अडचण दार बंद असताना नाही, दार उघडल्यावर आहे. एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. 40 मजली ऑफिस इमारत, 150 मीटर उंच, पोटातला एक जिना, दर मजल्याला वर सांगितलं तसं एक दार. बंद फायर डोअरच्या कडेने साधारण 0.01 चौरस मीटर फट राहते, म्हणजे तळहाताएवढी जागा कडेकडेने पातळ पसरलेली. 40 दारांची मिळून 0.4 चौरस मीटर. भिंती आणि डक्टच्या शाफ्टमधल्या गळतीसाठी आणखी 0.2 धरू, एकूण 0.6. फटीतून किती हवा जाते ते या सूत्राने निघतं, Q घनमीटर प्रति सेकंदात, A म्हणजे फटींचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये:

```
Q = 0.83 × A × √Δp
```

50 पास्कल राखायला 0.83 × 0.6 × 7.07, म्हणजे सेकंदाला 3.5 घनमीटर हवा लागेल. कंत्राटदारांच्या भाषेत सुमारे 7,400 सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट. पंखा निवडला, बसवला, सगळी दारं बंद ठेवून चाचणी घेतली, मीटरवर 50 दिसले आणि सगळे खूश.

मग खऱ्या आगीत काय होतं? पहिला माणूस तळमजल्याला पोचतो आणि बाहेर जायचं दार उघडतो. मागून माणसं येतच असतात, त्यामुळे ते दार उघडंच राहतं. फटींचं 0.6 आणि उघड्या दाराचं 1.89 मिळून आता 2.49 चौरस मीटर मोकळं आहे, आणि पंखा तोच. वरचं सूत्र उलटं फिरवलं तर जिन्यात उरतात 3 पास्कल. पन्नासचे तीन. पेटलेल्या खोलीच्या 12 पास्कलपुढे हे टिकत नाही. तिकडे वरच्या एखाद्या मजल्यावर कोणी जिन्याचं दार उघडून खाली बघितलं, तर त्या दारातून धूर जिन्यात शिरायला कसलाही अडथळा नाही.

मग पंखा मोठा करू. बाहेरचं दार उघडं असतानाही निदान 10 पास्कल राहावेत, असं ठरवलं तर लागतात सेकंदाला 6.5 घनमीटर, 13,800 सीएफएमच्या आसपास. पण आता सुरुवातीचा क्षण आठवा, जेव्हा सायरन नुकता वाजलाय आणि कुठलंच दार अजून उघडलेलं नाही. हीच 6.5 घनमीटर हवा फक्त फटींतून बाहेर पडायची असेल तर दाब चढतो 170 पास्कलवर. हँडलवर 220 न्यूटन. बावीस किलोचा जोर. म्हणजे सगळ्यात पहिल्या माणसाला दार उघडणारच नाही.

एका ठरावीक वेगाच्या पंख्याने ही दोन्ही टोकं कधीच जुळत नाहीत, आणि तरीही अशी मांडणी बघायला मिळते. जुळवायचे मार्ग दोन. एक, जिन्याच्या भिंतीत वजनाने किंवा स्प्रिंगने बंद राहणारा डँपर, जो दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की स्वतःहून उघडतो आणि जास्तीची हवा बाहेर सोडतो. दोन, जिन्यातला दाब मोजणारे सेन्सर आणि त्यानुसार पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह. दुसरा मार्ग कागदावर छान दिसतो, पण दार आपटून बंद झाल्यावर पंख्याचं जड चाक एका क्षणात हळू होत नाही. त्या मधल्या सेकंदांत दाब उसळतो. म्हणून ड्राइव्ह असला तरी डँपर हवाच असं माझं मत आहे. डँपरला वीज लागत नाही आणि प्रोग्रॅमही लागत नाही.

उघड्या दाराचा धोका किती खरा आहे ते शिकागोत 17 ऑक्टोबर 2003 रोजी दिसलं. 69 वेस्ट वॉशिंग्टन या कुक काउंटीच्या सरकारी ऑफिस इमारतीत 12व्या मजल्यावरच्या सामानाच्या खोलीत आग लागली. वरच्या मजल्यांवरची माणसं जिन्याने खाली येत होती. अग्निशमन दलाने आग विझवायला त्याच जिन्यातून 12व्या मजल्याचं दार उघडलं आणि धूर जिन्यात भरला. माणसं मागे फिरली, पण जिन्यातून मजल्यात परत जाणारी दारं सुरक्षेसाठी जिन्याच्या बाजूने न उघडणारी केलेली होती. सहा जण जिन्यातच गेले. या घटनेतून कुलपांचा धडा सगळ्यांनी घेतला. हवेचा धडाही तेवढाच मोठा आहे: अग्निशमन दल आगीच्या मजल्याचं दार उघडणारच, आणि होजपाइप मधे असल्यामुळे ते बंदही होणार नाही. त्या एका दारातून हवा मजल्याकडे जोराने वाहत राहिली पाहिजे. 2005 च्या ईएन 12101-6 मध्ये साध्या सुटकेच्या जिन्यासाठी उघड्या दारातून सेकंदाला 0.75 मीटर आणि अग्निशमन दलाच्या वापराच्या जिन्यासाठी 2 मीटर एवढा वेग मागितला होता, तो याचसाठी. 2 मीटर म्हणजे 1.89 चौरस मीटरच्या दारातून जवळपास 3.8 घनमीटर हवा, दर सेकंदाला.

इथे बऱ्याच डिझाइनमध्ये राहून जाणारी एक गोष्ट आहे: ही हवा पुढे जाणार कुठे? काचेने बंद केलेल्या मजल्यात सेकंदाला 3.8 घनमीटर हवा ढकलली तर मजल्याचाच दाब काही क्षणांत चढून जिन्याएवढा होतो आणि वाहणं थांबतं. पंखा चालू, दार उघडं, पण दारात कागद धरला तर हलत नाही. पंखा कितीही मोठा घेतला तरी यात फरक पडत नाही. आगीच्या मजल्यावरून हवा बाहेर काढायला उघडणाऱ्या झडपा, वर जाणारा वेगळा शाफ्ट किंवा धूर ओढणारा पंखा असं काहीतरी लागतंच. 0.75 मीटरचा वेग मिळत नाही अशी तक्रार आली की पंख्याआधी मी मजल्यावरची ही बाहेर जायची वाट शोधतो.

आता सुरुवातीला मांडलेला स्टॅक इफेक्ट परत हिशेबात घेऊ. वरच्या उदाहरणात मी जिन्यात सगळीकडे सारखाच दाब धरला होता. प्रत्यक्षात तो तसा नसतो. मे महिन्यातली दुपार, बाहेर 34, जिन्यात 26. जिन्यातली हवा जड, म्हणून वर जाताना बाहेरच्या तुलनेत तिचा दाब 45 पास्कलने घसरतो. हा सगळा फरक जिन्याच्या दारावर पडत नाही. काही भाग दारावर, उरलेला इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर, कारण हवेला दोन्ही ओलांडाव्या लागतात. दोन्हींची गळती सारखी असेल तर निम्मा-निम्मा. म्हणजे तळाच्या दारावर 50 पास्कल लावले तर चाळिसाव्या मजल्यावर उरतात 28. उलट वरच्या दारावर 50 आणले तर तळाशी 72 होतात, आणि तिथलं दार 119 न्यूटनवर जातं. युरोपची मर्यादा ओलांडलीच.

मुंबईत हे निदान निभावता येतं. शिकागोत नाही. तिथल्या 246 पास्कलचा निम्मा भाग म्हणजे 123. तळाला अगदी किमान 12.5 पास्कल ठेवले तरी सगळ्यात वरच्या दारावर 135 येतात आणि ते उघडायला 184 न्यूटन लागतात. वरच्या मजल्यावरचा माणूस, ज्याला सगळ्यात लांब पळायचंय, त्याच्याच वाट्याला सगळ्यात जड दार.

यात अजून एक वळण आहे. पंखा आत टाकतो ती हवा बाहेरची असते, बाहेरच्याच तापमानाची. 150 मीटरच्या जिन्याचं आकारमान समजा 2,250 घनमीटर आहे. 3.5 घनमीटरच्या पंख्याला तेवढी हवा भरायला दहा-अकरा मिनिटं पुरतात. काँक्रीटच्या भिंती त्या हवेला थोडं थंड करतात, तरी जिन्याचं तापमान बाहेरच्या दिशेने सरकतं. मग जिना आणि बाहेर यांच्यातला फरक विरतो, पण लिफ्टच्या शाफ्टने एकमेकांना जोडलेले गार मजले मात्र तसेच राहतात: खालच्या मजल्यांवर बाहेरपेक्षा जास्त दाब, वरच्यांवर कमी. परिणाम असा की आता तळाच्या दारावरचा फरक घटतो आणि वरचा वाढतो. सुरुवातीला जो उतार होता तो हळूहळू उलट्या दिशेला वळतो. पंखा चालू केल्यावर दोन मिनिटांनी घेतलेली मापं आणि पंधरा मिनिटांनी घेतलेली मापं जुळत नाहीत, याचं कारण कित्येकदा इथे असतं. माणूस मीटर बदलत बसतो, दोष मीटरचा नसतोच.

उपाय एकच असा नाही. हवा एका टोकाला सोडण्याऐवजी जिन्याशेजारच्या डक्टमधून ठिकठिकाणच्या ग्रिलने सोडतात. युरोपातलं 2005 चं मानक दोन ग्रिलमध्ये तीन मजल्यांहून जास्त अंतर ठेवू देत नव्हतं. याने पंख्याजवळ दाबाचा ढीग आणि लांब दुष्काळ, ही अडचण सुटते. तापमानाचा उतार मात्र याने जात नाही. त्यासाठी फार उंच जिन्याचे उभे तुकडे करतात, मधे दार घालून, प्रत्येक तुकड्याला स्वतःचा पंखा. उंची निम्मी झाली की उतारही निम्मा. प्रत्येक मजल्याला दाब दिलेली लॉबी असली की जिन्याचं दार आणि आग यांच्यामध्ये आणखी एक दार येतं, आणि एक उघडलं तरी दुसरं बंद असण्याची शक्यता राहते. माझ्या मते दाटीच्या ऑफिस टॉवरमध्ये लॉबीवर केलेला खर्च पंख्याची ताकद वाढवण्यापेक्षा जास्त कामाला येतो.

हे सगळं बरोबर चाललंय की नाही ते कळतं कसं? पंखा सुरू करण्याआधी, म्हणजे बंद असतानाच, तळाला, मधे आणि वर असा दाबातला फरक मोजून ठेवायचा. तो त्या दिवसाचा स्टॅक इफेक्ट. ही पायरी बहुतेक अहवालांत नसते, आणि ती नसेल तर पुढचे आकडे कशामुळे आले ते सांगता येत नाही. मग पंखा सुरू करून प्रत्येक मजल्यावर मापायचं. दाब मोजणाऱ्या मॅनोमीटरची पातळ नळी दाराखालून पलीकडे सरकवायची, दार पूर्ण मिटू द्यायचं, नळी चेपली नाहीये ना ते हाताने चाचपायचं आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. त्यानंतर ताणकाटा हँडलला अडकवून दार नुकतं सुटतं त्या क्षणाचा जोर वाचायचा. ढकलायचं दार असेल तर ढकलून मोजणारा बलमापक हवा. यानंतर तळाचं दार उघडं ठेवून पुन्हा सगळ्या मजल्यांची एक फेरी. इमारतीच्या यंत्रणांवर नजर ठेवणाऱ्या बीएमएसच्या पडद्यावर दिसणारा 50 हा आकडा एका सेन्सरचा असतो, एका मजल्यावरचा. चाळीस दारांबद्दल तो काहीही सांगत नाही.

बिघाड सापडतात ते फार साधे असतात. विटांच्या शाफ्टला आतून गिलावाच नसतो. हवा ग्रिलपर्यंत पोचण्याआधीच भिंतीतून आजूबाजूच्या मजल्यांत झिरपते, आणि अशा शाफ्टवर लांबचे मजले कोरडे पडतात: वर 60, खाली 8. हवा कुठे गेली ते बघायला शाफ्टच्या बाहेरून हात फिरवला तरी पुरतं. दुसरा नेहमीचा दोष मोटरच्या दुरुस्तीनंतर दोन फेज अदलाबदल होण्याचा. पंखा उलटा फिरतो. सेंट्रिफ्युगल पंखा उलटा फिरूनही थोडीफार हवा देतो, त्यामुळे आवाज येतो, वारा जाणवतो आणि कोणाला शंका येत नाही. पंख्याच्या घरावर बाण काढलेला असतो, पंखा थांबत असताना तो बाण आणि चाकाची दिशा जुळतात का ते डोळ्यांनी बघायचं. तिसरा दोष केबलवाल्यांचा: जिन्याच्या भिंतीला भोक पाडून वायर नेली आणि भोक तसंच सोडलं. आणि चौथा आपल्या सगळ्यांचा. मजल्यावरची माणसं चहाला जाता-येता सोपं पडावं म्हणून जिन्याच्या दाराखाली लाकडाचा तुकडा किंवा फायर एक्स्टिंग्विशर लावून ठेवतात. मजल्यावरून हवेला बाहेर जायला मोकळी वाट असेल तर वरच्या हिशेबाप्रमाणे असं एक दार सबंध जिन्याचा दाब 50 वरून 3 वर आणतं.

हवा आत घ्यायची जागाही एकदा जाऊन बघण्यासारखी आहे. पंखा गच्चीवर असेल तर आगीचा धूर इमारतीच्या बाहेरून वर चढत तिथेच पोचतो आणि पंखा इमानाने तोच धूर जिन्यात ढकलतो. म्हणून हवा घेण्याच्या वाटेत धूर ओळखणारा डिटेक्टर असतो, जो पंखा थांबवतो किंवा दुसऱ्या बाजूच्या तोंडाकडे वळवतो. तळाला हवा घेणारा पंखा असेल तर तिथे पार्किंगचा धूर, कचऱ्याचे ड्रम, डिझेल जनरेटरचं नळकांडं यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं.

महाराष्ट्रात 2006 च्या आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याप्रमाणे मालकाने किंवा सोसायटीने परवानाधारक एजन्सीकडून दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचं फॉर्म बी प्रमाणपत्र द्यायचं असतं. हे दोन महिने हवेच्या दृष्टीने नशिबाने वेगळे आहेत, पण मुंबईत दोन्ही सौम्यच. आत-बाहेर तापमानातला फरक जानेवारीच्या सकाळी जवळपास नसतो आणि जुलैच्या पावसात कमी असतो, त्यामुळे वर काढलेला मे महिन्याचा उतार या दोन्ही तपासण्यांत दिसतच नाही. तुमच्या टॉवरचा जिना पोटातला आणि दाब दिलेला असेल, तर एजन्सीकडे मजलावार आकडे मागा, दारं बंद असतानाचे आणि तळाचं दार उघडं असतानाचे, शेजारी त्या वेळचं आतलं-बाहेरचं तापमान लिहिलेले. आणि एकदा मे महिन्यातल्या दुपारी, एसी पूर्ण जोरात असताना, पंखा पंधरा मिनिटं चालवून सगळ्यात खालचं आणि सगळ्यात वरचं दार एका हाताने उघडून बघा.